वॉटर प्युरिफायरचा रिव्ह्यू लिहिण्याआधी पाणी मोजा

आरओ वॉटर प्युरिफायरच्या कोणत्याही मॉडेलखाली ग्राहकांनी लिहिलेले अभिप्राय वाचत गेले, की दोन टोकांचा मजकूर हमखास सापडतो. सदाशिव पेठेतील एखादे कुटुंब लिहिते, «अप्रतिम मशीन! पाणी अगदी अमृतासारखे. डोळे झाकून घ्या.» त्याच मॉडेलबद्दल वाघोलीतील ग्राहक लिहितो, «अत्यंत भंगार मशीन. तीन महिन्यांत बंद पडले. सर्व्हिसवाले फोन उचलत नाहीत. कंपनी चोर आहे. चुकूनही घेऊ नका.» ही दोन्ही उदाहरणे येथे नमुन्यादाखल रचलेली आहेत, मात्र अशा मजकुराची ओळख नसलेला वाचक विरळाच. दोघांपैकी कोणी खोटे बोलत आहे, असे मानण्याचे कारण नाही. दोघांनीही जे अनुभवले तेच लिहिले आहे, पण मशीनमध्ये कोणते पाणी जात होते हे दोघांनीही सांगितलेले नाही आणि त्यामुळे तिसऱ्या माणसाला, उदाहरणार्थ हडपसरमध्ये राहणाऱ्या व खरेदीच्या बेतात असलेल्या ग्राहकाला, या दोन्ही अभिप्रायांचा काडीचा उपयोग नाही.

पुण्यात हा फरक विशेष जाणवतो. पेठांमध्ये आणि जुन्या शहराच्या बऱ्याच भागात महापालिकेचे पाणी येते. ते खडकवासला धरणसाखळीतून उचलून जलकेंद्रात शुद्ध केलेले असते आणि त्यात विरघळलेले क्षार मुळातच कमी असतात. शहराच्या कडेला झपाट्याने वाढलेल्या भागांतील अनेक सोसायट्या मात्र टँकरवर आणि बोअरवेलवर अवलंबून असतात. जमिनीखालून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार भरपूर असतात. नळाच्या तोंडाशी साचणारा पांढरा थर ही त्याची घरोघरी दिसणारी खूण. पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचे प्रमाण म्हणजे टीडीएस. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात हे प्रमाण एका लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह धरले आहे आणि दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले आहे. टीडीएस मोजणारे पेनाएवढे यंत्र काहीशे रुपयांत मिळते. प्युरिफायरवर चार ओळी लिहिण्याची इच्छा असलेल्याने आधी ते विकत घ्यावे किंवा शेजाऱ्याकडून अर्ध्या तासासाठी मागून आणावे.

मोजण्याची रीत साधी आहे, तरी दोन ठिकाणी चूक होते. पहिली चूक वेळेची. रात्रभर बंद असलेले मशीन सकाळी सुरू झाले, की सुरुवातीचे थोडे पाणी अधिक टीडीएसचे येते, कारण मशीन थांबलेले असताना मेम्ब्रेनच्या, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्याच्या, एका बाजूचे क्षार हळूहळू दुसऱ्या बाजूला झिरपत राहतात. म्हणून मशीन काही मिनिटे चालू द्यावे आणि मगच शुद्ध पाण्याचा नमुना घ्यावा. दुसरी चूक आकड्याचा अर्थ लावण्याची. अनेक मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. पाणी अगदीच बेचव लागू नये म्हणून त्यातून मेम्ब्रेनमध्ये न गेलेले थोडे पाणी शुद्ध पाण्यात मिसळले जाते आणि ते किती मिसळायचे हे मशीन बसवणारा मेकॅनिक स्क्रू फिरवून ठरवतो. अशा मशीनमधून १५० टीडीएसचे पाणी आले, तर मेम्ब्रेन निकामी आहे असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. कंट्रोलर किती उघडा ठेवला आहे, हे मेकॅनिकला विचारून घ्यावे आणि अभिप्रायात तसे नमूद करावे.

त्यानंतर वेग आणि वाया जाणारे पाणी. टाकी पूर्ण भरून मशीन आपोआप थांबले, की त्यातून मोजून ५ लिटर पाणी काढावे, वाया जाणाऱ्या पाण्याची नळी बादलीत सोडावी आणि टाकी पुन्हा भरून मशीन थांबेपर्यंतचा वेळ घड्याळात पाहावा. बादलीत जमलेले पाणी लिटरच्या बाटलीने मोजले, म्हणजे ५ लिटर शुद्ध पाण्यामागे किती पाणी वाया गेले हे कळते. घरगुती आरओ मशीनमध्ये शुद्ध पाण्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक पाणी नाल्यात जाणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे, त्यामुळे «निम्म्याहून जास्त पाणी फुकट जाते» ही तक्रार एकाच कंपनीच्या माथी मारणे न्याय्य होत नाही. तेच मशीन पाचपट पाणी सोडत असेल, तर मात्र तो आकडा अवश्य लिहावा.

घरी जे मोजता येत नाही, त्याबद्दल मौन बाळगणे हाही या कामाचाच भाग आहे. टीडीएसचे यंत्र पाण्यातील जंतूंबद्दल काहीच सांगत नाही. आकडा ४० आला म्हणून पाणी जंतुमुक्त झाले असे होत नाही आणि ४०० आला म्हणून ते दूषित आहे असेही होत नाही. «पाणी शंभर टक्के शुद्ध» किंवा «आमच्या मुलांची पोटदुखी या मशीनमुळे थांबली» ही वाक्ये प्रयोगशाळेच्या तपासणीवाचून लिहिता येत नाहीत. अशी वाक्ये कौतुकाच्या भरात येतात आणि वाचणारा नेमका त्यांच्यावरच विसंबतो.

आता वाघोलीच्या त्या रागीट मजकुराकडे वळू. त्यातील प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा : हे वाक्य लिहिताना या माणसाने प्रत्यक्ष काय पाहिले होते?

«तीन महिन्यांत बंद पडले.» चौकशी केल्यावर असे निघते, की मशीन एप्रिलमध्ये बसवले आणि जुलैत त्याची धार इतकी बारीक झाली, की टाकी भरायला अख्खी दुपार लागू लागली. मशीन बंद पडले नव्हते. मेकॅनिकने सेडिमेंट फिल्टर, म्हणजे गाळ अडवणारा पहिला फिल्टर, उघडला तेव्हा तो मातकट तपकिरी झालेला होता. नवा घातल्यावर धार पूर्ववत झाली. पावसाळ्यात टँकरचे पाणी गढूळ येते आणि असे पाणी हा फिल्टर नेहमीपेक्षा लवकर भरून टाकते. तेव्हा येथे मशीनमध्ये दोष आहे, असे म्हणायला आधार उरत नाही. फिल्टर तीन महिन्यांत बदलावा लागतो, हा खर्चाचा मुद्दा मात्र उरतो आणि टँकरचे पाणी वापरणाऱ्या पुढच्या ग्राहकासाठी तोच सर्वांत मोलाचा आहे. मूळ मजकुरात तो «बंद पडले» या दोन शब्दांखाली गाडला गेला होता.

«सर्व्हिसवाले फोन उचलत नाहीत.» येथे तारखा लागतात. तक्रार १० जुलैला नोंदवली, तिचा क्रमांक मोबाइलवर आला, मेकॅनिक १६ जुलैला आला. सहा दिवस हा उशीरच आहे आणि पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत तो फारच जाचतो. तो लिहायला अजिबात संकोच करू नये. परंतु «सहाव्या दिवशी आला» आणि «फोन उचलत नाहीत» यांत मोठे अंतर आहे. पहिले वाक्य कंपनीला खोडता येत नाही. दुसरे वाक्य ती कॉल रेकॉर्ड दाखवून एका मिनिटात खोडते आणि मग उरलेल्या खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

«कंपनी चोर आहे» या वाक्यामागे काय होते? मेकॅनिकने फिल्टरचे ६५० रुपये घेतले. ग्राहकाची समजूत अशी, की एक वर्षाची वॉरंटी असल्याने हे काम फुकट व्हायला हवे. पुस्तिका उघडून पाहिली तर फिल्टर आणि मेम्ब्रेन हे झिजणारे भाग वॉरंटीतून वगळल्याचे बारीक अक्षरात छापलेले निघाले. दुकानदाराने विक्रीच्या वेळी ते सांगितले नव्हते. म्हणजे तक्रार खरी आहे, फक्त तिचा रोख चोरीवर नसून विक्रीच्या वेळी लपलेल्या माहितीवर आहे. चोर, लुटारू, फसवे असे शब्द समोरच्याच्या हेतूबद्दल विधान करतात आणि हेतू ग्राहकाला दिसलेला नसतो. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे. सामान्य ग्राहकाने लगेच धास्तावून जावे असे काही नाही, पण ज्या वाक्याला पुरावा जोडता येत नाही ते लिहून कंपनीच्या वकिलाला आयते कोलीत का द्यावे? «वॉरंटीत फिल्टर येत नाहीत हे दुकानात सांगितले गेले नाही; बिल आणि पुस्तिका दोन्ही माझ्याकडे आहेत» हे वाक्य अधिक बोचते, आणि ते खरेही आहे. पुणेकरांना खोचक वाक्याची हौस दांडगी. ती भागवायची असेल तर ती अशा जागी भागवावी, जेथे खोच तपशिलातून आपोआप निघते.

«चुकूनही घेऊ नका» हे शेवटचे वाक्य सर्वांत निरुपद्रवी दिसते आणि सर्वांत जास्त दिशाभूल करते, कारण ते कोणासाठी लिहिले आहे हे त्यात नाही. कमी क्षारांचे, स्वच्छ पाणी येणाऱ्या घराने हे मशीन घेऊ नये याचे कारण वेगळे आहे, आणि टँकरचे पाणी येणाऱ्या घराने घेण्यापूर्वी काय विचार करावा याचे कारण वेगळे.

एवढी छाननी झाल्यावर तोच ग्राहक, आपला राग कोठेही न लपवता, असे लिहू शकतो :

«वाघोलीतील फ्लॅटमध्ये चार माणसांसाठी एप्रिलपासून वापरत आहोत. पाणी बोअर आणि टँकरचे. आत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस ९४०, शुद्ध पाण्याचा ८५ भरला. कंट्रोलर बंद ठेवला आहे. ५ लिटर पाणी २५ मिनिटांत तयार होते, म्हणजे तासाला १२ लिटर. जाहिरातीत १५ लिटर सांगितले आहे. ५ लिटरमागे साधारण १६ लिटर पाणी वाया जाते. ते आम्ही फरशी पुसायला वापरतो, पण ते बादलीत साठवण्याचे काम रोजचे होऊन बसते. जुलैत धार बारीक झाली. तक्रारीनंतर मेकॅनिक सहाव्या दिवशी आला आणि सेडिमेंट फिल्टर बदलल्यावर मशीन नीट चालू झाले. फिल्टरचे ६५० रुपये लागले, कारण फिल्टर वॉरंटीत येत नाहीत. दुकानात हे सांगितले नव्हते. मेकॅनिक मात्र माहीतगार होता आणि त्याने बाहेर स्वतंत्र प्री-फिल्टर बसवण्याचा सल्ला दिला. मशीन क्षार चांगले कमी करते. टँकरचे पाणी असेल तर पावसाळ्यातील फिल्टरचा खर्च आणि सर्व्हिसचा उशीर धरून निर्णय घ्यावा.»

या परिच्छेदात एकही विशेषण भडक नाही, तरी कंपनीला झोंबतील अशा तीन गोष्टी आहेत : जाहिरातीपेक्षा कमी वेग, सहा दिवसांचा उशीर आणि न सांगितलेली वॉरंटीची अट. वेगाबद्दल थोडे सांभाळून लिहावे लागते, कारण जाहिरातीतील आकडा ठरावीक दाबाच्या, तापमानाच्या आणि क्षारांच्या पाण्यावर प्रयोगशाळेत काढलेला असतो आणि घरात त्याहून कमी भरणे अपेक्षितच असते. म्हणूनच वर «फसवणूक» असा शब्द न वापरता दोन्ही आकडे शेजारी ठेवले आहेत. लिहिणाऱ्याच्या घरचे पाणी ९४० टीडीएसचे आहे हे वाचकाला तेथेच दिसत असल्याने १२ लिटर हा आकडा वाईट की ठीक, हे त्याचे त्यालाच ठरवता येते.

मेकॅनिक माहीतगार होता, हे वाक्य समतोल दाखवण्यासाठी ओढूनताणून घातलेले नाही. रागाच्या भरात चांगली बाजू खरोखरच नजरेतून सुटते. तिची आठवण करून घ्यावी आणि असेल तरच लिहावी. प्रत्येक दोषामागे एक गुण जोडलाच पाहिजे असा हिशेब ठेवू लागले, तर तो मजकूर सरकारी अहवालासारखा गुळमुळीत होतो. मशीनमधून पाणी गळून ओटा ओला होत असेल आणि दोन भेटींनंतरही गळती थांबली नसेल, तर रंग छान आहे हे सांगून ती गळती पुसट करण्याची गरज नाही.

सदाशिव पेठेतील कौतुकाचा मजकूर दुरुस्त करणे याहून अवघड आहे, कारण समाधानी माणसाला आपल्या वाक्यात काही चुकले आहे असे वाटतच नाही. त्याने मोजून पाहिले, तर समजा आत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस ११० आणि बाहेर येणाऱ्याचा १५ असे आकडे मिळतील. आत जाणारे पाणीच ५०० च्या कितीतरी खाली आहे. क्षार काढणे हे मेम्ब्रेनचे खरे काम. ते या घरात करण्याची फारशी गरजच नव्हती, म्हणजे मशीनची कसोटी येथे लागलेलीच नाही. अमृताची गोडी आली असेल ती कदाचित कार्बन फिल्टरने क्लोरीनचा वास काढल्यामुळे आली असेल, आणि तेवढे काम मेम्ब्रेन नसलेले, पाणी वाया न घालवणारे आणि स्वस्तातले मशीनही करते. मग प्रामाणिक अभिप्राय असा होतो : «महापालिकेचे पाणी, टीडीएस ११०. मशीनचा आवाज कमी, टाकी धुणे सोपे, आठ महिन्यांत एकही तक्रार नाही, क्लोरीनचा वास गेला. मात्र आमच्यासारख्या पाण्याला आरओची गरज होती का, अशी शंका आता येते. जास्त क्षारांच्या पाण्यावर हे कसे चालेल ते सांगता येणार नाही.» या शेवटच्या अर्ध्या वाक्यामुळे हडपसरचा तो ग्राहक सावध होतो आणि वाघोलीचा अभिप्राय शोधून वाचतो. कौतुक कमी झाले नाही, फक्त ते कशाचे आहे हे ठरले.

तारे देताना वेगवेगळ्या माणसांची कामे एकमेकांत मिसळतात. खोके फाटलेले आले, ही डिलिव्हरीची तक्रार. भिंतीला तीन ऐवजी पाच भोके पाडली, ही बसवणाऱ्याची. दुकानदाराने अट लपवली, ही दुकानाची. मशीनच्या पानावर मशीनचे तारे द्यावेत आणि बाकीचे मजकुरात लिहावे. याला एक अपवाद मला पटतो. प्युरिफायरसारख्या वस्तूचे फिल्टर आणि मेम्ब्रेन ठरावीक काळाने बदलावेच लागतात आणि बहुतेक लोक त्यासाठी कंपनीच्याच माणसावर अवलंबून असतात. तेव्हा सर्व्हिसची गुणवत्ता येथे वस्तूचाच भाग ठरते व तिच्यापायी एखादा तारा कापणे रास्त आहे. कुकर किंवा पंख्याच्या बाबतीत मी तसे म्हटले नसते.

कित्येकदा तारे दिले जातात तेव्हा ग्राहकाच्या हाती निर्णय राहिलेलाच नसतो. मेकॅनिक काम संपवून दारात उभा राहतो आणि म्हणतो, «ताई, फाइव्ह स्टार देता का? नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कापतात.» त्याची अडचण खरी असते आणि नाही म्हणणे जिवावर येते. त्याच्या त्या भेटीला, काम नीट झाले असेल तर, पाच तारे खुशाल द्यावेत. मशीनबद्दलचा अभिप्राय मात्र दोन-तीन आठवडे वापरून, स्वतंत्रपणे लिहावा. खोक्यात पाच ताऱ्यांच्या बदल्यात कॅशबॅक देणारे कार्ड निघाले आणि ते वापरले, तर तशी नोंद अभिप्रायाच्या पहिल्याच ओळीत करावी. भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली आयएस १९००० हे ऑनलाइन अभिप्रायांसाठीचे मानक आणले. ते ऐच्छिक आहे, पण विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत हे त्यात स्पष्ट आहे. बक्षीस घेऊन लिहिलेल्या कौतुकाबद्दल वाचकाच्या मनात शंका आली, तर ती गैर म्हणता येणार नाही.

अभिप्राय म्हणजे तक्रार अर्ज नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. पैसे परत हवे असतील किंवा मशीन बदलून हवे असेल, तर कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवावी. «पैसे परत द्या, मग तारे वाढवतो» अशी घासाघीस अभिप्रायातून सुरू झाली, की त्यातील आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. लिहिल्यानंतर कंपनीने धावपळ करून काम करून दिले, तर जुना मजकूर पुसू नये. खाली तारीख घालून, काय केले आणि ते अभिप्रायानंतर किती दिवसांनी केले, हे लिहावे. अभिप्राय न लिहिणाऱ्या ग्राहकाला किती वाट पाहावी लागेल, याचा अंदाज वाचकाला पहिल्या सहा दिवसांवरूनच येतो.

अशी पुरवणी जोडताना ऋतूकडे लक्ष द्यावे. मेम्ब्रेनची क्षमता साधारण २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यावर सांगितलेली असते. पाणी थंड झाले, की ते मेम्ब्रेनमधून हळू झिरपते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतील पाणी चांगलेच गार असते. जुलैत फिल्टर बदलल्यावर २५ मिनिटे लागत होती आणि जानेवारीत ३२ लागली, एवढ्यावरून मेम्ब्रेन संपत आले असे लिहू नये. त्याच वेळी शुद्ध पाण्याचा टीडीएसही पाहावा. वेग कमी झाला पण टीडीएस ८५ च्या आसपासच राहिला, तर एप्रिलमध्ये पुन्हा मोजेपर्यंत थांबावे. आत जाणारे पाणी तेच असताना टीडीएस २०० च्या पुढे गेला असेल, तर मात्र कंट्रोलर कोणी फिरवला नाही याची खात्री करून घ्यावी आणि मेम्ब्रेन किती महिने टिकले हे तारखेसह त्याच दिवशी लिहावे.